मंगळवारच्या कार्यक्रमाला एकटी माणसं का येत नाहीत

प्रश्न : आमची कोथरूडला ९० फ्लॅटची सोसायटी आहे. वर्षभरापूर्वी दर मंगळवारी संध्याकाळी ज्येष्ठांसाठी कार्यक्रम सुरू केला. गाणी, व्याख्यान, चहा-खाणं असं असतं. तीसेक जण येतात, पण ते आधीपासूनच हिंडतेफिरते आहेत. ज्यांच्यासाठी सुरू केलं ते येतच नाहीत. बी विंगमधले एक काका, पत्नीला जाऊन आठ महिने झाले, एकदाच आले आणि अर्ध्या तासात उठून गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्याही एकट्याच, दोनदा आल्या. आता दार किलकिलं करून ‘आज बरं नाही’ म्हणतात. आमचं काय चुकतंय? – सोसायटीची सेक्रेटरी

उत्तर : कार्यक्रम बंद करू नका. त्या तीस जणांना तो हवा आहे. चुकलं असेल तर एवढंच, की काका आणि काकूंना जे झालंय त्यावरचा उपाय हाच आहे असं तुम्ही धरून चाललात.

मी आधी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते आणि गेली अठरा वर्षं पुण्यातच ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करते. एकटेपणाचे दोन प्रकार असतात ही गोष्ट रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडली. मला ती कळायला पहिली पाच वर्षं लागली. एक प्रकार असतो माणसांच्या घोळक्याचा: ऑफिस सुटलं, डबा खायला बसणारं टोळकं गेलं, आपल्याला कुणी विचारत नाही. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात जो जाणवतो तो बहुतेक वेळा हा. त्याला हास्यक्लब, भजनी मंडळ, टेकडीवरचा ग्रुप, तुमचा मंगळवार, हे सगळं लागू पडतं. दुसरा असतो एका ठरावीक माणसाचा. तिथे तीस माणसं आणून बसवली तरी ती जागा रिकामीच दिसते. उलट जास्त दिसते.

तुमचे काका त्या हॉलमध्ये आले तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज करू या. बहुतेक जण जोडीने बसलेले. चाळीस वर्षं ज्या माणसाने कुठल्याही कार्यक्रमाला गेल्यावर शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ‘ती येतेय’ म्हटलं, त्याला आज तो रुमाल टाकायचं कारण नाही. कुणी जुनं भावगीत म्हटलं. आणि घरी जाऊन ‘तो माणूस किती बेसूर गात होता’ हे सांगायला कुणी नाही. विधुर माणसं माझ्याकडे तक्रार करतात ती नेमकी ही. कार्यक्रम वाईट होता असं ते म्हणत नाहीत, ‘सांगायला कुणी नाही’ म्हणतात.

याशिवाय आणखी एक गोष्ट होते, आणि ती बाहेरच्यांना उद्धटपणा वाटते. फार दिवस एकटं राहिलेलं माणूस इतरांच्या वागण्याचा वाईट अर्थ लावायला लागतं. कुणी लवकर बोलणं आटोपलं की ‘माझा कंटाळा आला’, कुणी आग्रह केला की ‘कीव करतात’. शिकागो विद्यापीठातल्या जॉन कॅचिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकटेपणावरच्या उपायांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसती भेटीगाठींची संधी वाढवणाऱ्या उपक्रमांचा परिणाम थोडासाच होता. ही अर्थ लावण्याची सवय हळूहळू बदलण्यावर ज्यांचा भर होता, त्यांचा परिणाम त्यापेक्षा बराच चांगला दिसला. आपण सोसायटीत मानसोपचार करणार नाही. पण ‘हा माणूस येतो म्हणाला आणि आला’ हा अनुभव लागोपाठ दहा-बारा वेळा मिळाला की ती गाठ बरीच सैल होते, हे मी पाहिलंय. म्हणून माझ्या कामाचा पाया एकच आहे: एकच माणूस, ठरलेला वार, ठरलेली वेळ. आणि त्यांनी आपल्याकडे यायचं नाही, आपण जायचं.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका काकांच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एरंडवण्यातली सोसायटी. काका ७३ वर्षांचे, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. काकू पावसाळ्यात अचानक गेल्या. मुलगा बेंगळुरूला, मुलगी कॅनडात. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. महिनाभर मुलगी राहिली. नंतर चहाला, जेवायला बोलावणारे होते, तेही सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत कमी होत गेले. त्यात हे वर्ष दुखवट्याचं, म्हणजे घरात सण नाही. त्यामुळे ‘यंदा त्यांना कसं बोलवायचं’ म्हणून लोकांनी दिवाळीच्या फराळालाही बोलावलं नाही. लोकांच्या मनात संकोच होता. काकांनी त्याचा अर्थ ‘ती होती म्हणून आपल्याला विचारायचे’ असा लावला.

हा अर्थ अगदीच खोटा नव्हता. आपल्याकडच्या त्या पिढीत नात्यांचा सगळा हिशेब बायकोकडे असतो. कुणाच्या मुलीला दिवस गेलेत, कुणाची साठी आहे, कुणाला फोन करायचा राहिलाय. काकांना स्वतःच्या सख्ख्या मामेभावाचा नंबर माहीत नव्हता. बायको गेली की पुरुषाचं एक माणूस जात नाही, टेलिफोन एक्स्चेंजच बंद पडतं.

त्या सोसायटीतल्या एका बाईंनी हे काम अंगावर घेतलं. शाळेतून निवृत्त, साठीच्या. त्यांना आपण ताई म्हणू. पहिल्या भेटीला ‘तुम्ही एकटे असता म्हणून आले’ असं म्हणायचं नाही, हे मी त्यांना बजावलं होतं. तसं म्हटलं की दार बंद होतं, तुमच्या काकूंचं झालं तसं. जायला खरं कारण लागतं, आणि शक्यतो मदत मागायची, द्यायची नाही. त्याच इमारतीत एका विधवा बाईंना नवऱ्याच्या खात्यातले पैसे वारसाच्या नावावर करायचे होते आणि बँकेचा फॉर्म कळत नव्हता. ताई तो फॉर्म घेऊन गेल्या. काकांनी चष्मा लावला, दारातच उभ्या-उभ्या दोन रकाने समजावले, मग म्हणाले, ‘आत या, हे असं उभ्याने होणार नाही.’

ताई आत गेल्या. काकांनी पाण्यासाठी फ्रिज उघडला तेव्हा त्यांना सायीने भरलेल्या पाच वाट्या दिसल्या आणि ओट्यावर दुधाची दोन पातेली. एका माणसाच्या घरात रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या येत होत्या. काकू गेल्या त्या दिवसापासून येतच होत्या. काका म्हणाले, ‘बंद कशी करायची ते तिलाच माहीत. मी तापवतो आणि ठेवतो.’ भिंतीवरच्या कॅलेंडरवर काकूंच्या अक्षरात दुधाचा हिशेब जून अखेरपर्यंत लिहिलेला. पान तेच होतं, ऑक्टोबर उजाडला तरी.

नवीन कार्यकर्ते इथे नेमकी चूक करतात. ते दूधवाल्याला फोन करून मोकळे होतात आणि कॅलेंडरचं पान उलटतात. ताईंनी दोन्ही केलं नाही. ‘पुढच्या गुरुवारी अकराला येते, त्या बाईंची सही घेऊन’ एवढं सांगून त्या निघाल्या. वीस मिनिटांची भेट. पुढच्या गुरुवारी अकराला खरंच गेल्या. तिसऱ्या गुरुवारी काकांनी स्वतःच काकूंची डायरी काढली, दूधवाल्याचा नंबर शोधला आणि एक पिशवी कमी केली. फोन ठेवल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. ताईही बोलल्या नाहीत. ‘विसरायला हवं आता’, ‘ती सुटली बिचारी’, ‘मुलांकडे का नाही जात?’ ही तीन वाक्यं मी कार्यकर्त्यांना जवळजवळ बंदी घालून ठेवली आहेत. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, विषय काढायचा, ‘काकू कशा करायच्या हे?’ विचारायचं. लोक नाव टाळतात, आणि त्या टाळण्यानेच समोरच्याला एकटं पडल्यासारखं होतं.

तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीत मी तीन प्रश्न विचारायला सांगते. जगभर वापरली जाणारी एक छोटी मोजपट्टी आहे, तिचेच ते प्रश्न. सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला बाजूला टाकलंय असं किती वेळा वाटतं? सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? ‘क्वचितच’ला १, ‘कधी कधी’ला २, ‘नेहमी’ला ३. बेरीज ३ ते ९ मध्ये येते, आणि ६ किंवा जास्त आली तर लक्ष द्यायचं. कागद-पेन काढून विचारायचं नाही, गप्पांत विचारायचं आणि घरी येऊन लिहून ठेवायचं. काकांची बेरीज ८ होती. आकड्यापेक्षा मला चौथा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो, तो माझा स्वतःचा आहे: ‘दिवसातला कुठला वेळ जात नाही?’

काका म्हणाले, तिन्हीसांजा. साडेपाच ते आठ. रात्र नाही. रात्री टीव्ही होता आणि नऊला मुलीचा फोन होता. दिवेलागणीला काकू देवापाशी निरांजन लावायच्या, मग दोघं खाली फेरी मारून यायचे. आपण अकरा वाजता जात होतो, म्हणजे त्यांना ज्या वेळी सगळ्यात कमी गरज होती तेव्हा. पाचव्या आठवड्यापासून ताईंनी वेळ सहाची केली आणि भेट घरातून खाली बाकावर आणली. हे दोन बदल एकत्र केले कारण संध्याकाळी घरात बसून बोलण्यापेक्षा खाली उतरणं त्यांना सोपं गेलं. उतरायला कारण हवं होतं, ते आता होतं.

बाकावर एक गोष्ट लक्षात आली, जी दारबंद खोलीत आली नव्हती. काका भलतीच उत्तरं देत होते. ‘मुलीचा फोन आला का?’ विचारलं तर ‘हो, ऊन कमी झालंय’ म्हणाले. मी ताईंना म्हटलं, कान बघून घ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतला मळ काढला, तपासणी केली, तर उजव्या कानाला बऱ्यापैकी कमी ऐकू येत होतं. हे आधीपासून होतं. पण घरात काकू होत्या. बाहेर गेलं की त्या शेजारी बसून ‘ते विचारतायत किती वर्षं झाली’ असं हळूच सांगायच्या. त्यांचा कान काकू होत्या. त्या गेल्यावर चार माणसांत बसणं म्हणजे काका नुसते हसून मान डोलावत बसायचे, आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

तुमच्या काकांनी हॉल अर्ध्या तासात का सोडला याचं उत्तर दुःखात शोधण्याआधी कानात शोधा, असं मी म्हणेन. सोसायट्यांचे हॉल हा एक वेगळाच वैताग आहे. फरशी, उघड्या भिंती, लोखंडी खुर्च्या आणि त्यावर स्पीकर. साठीनंतरच्या कानाला त्या घुमणाऱ्या आवाजात शब्द सुटे होत नाहीत. माइक काढून टाका, खुर्च्या गोल मांडा, जाड पडदे लावा, बघा फरक पडतो का. कानानंतर दुसरं कारण लघवीचं. प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस किंवा खोकलं तरी लघवी होणारी बाई, दोघंही जवळ स्वच्छतागृह नसेल तिथे तासभर बसणार नाहीत, आणि तसं सांगणारही नाहीत. ‘आज बरं नाही’ म्हणतील. तुमच्या हॉलचं स्वच्छतागृह कुलूप लावलेलं असतं का? बऱ्याच सोसायट्यांत असतं, किल्ली वॉचमनकडे. तिसरं कारण अंधार. मोतीबिंदू असलेल्याला साडेसातला एकट्याने पार्किंगमधून परत जायचं जिवावर येतं.

पुन्हा काकांकडे येते. नवव्या आठवड्यात चार जणांचा एक गट केला. तीन विधुर आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या एक आजी. एकाच्या घरी, शनिवारी सकाळी. वरण-भात, पोहे, एखादी उसळ, एवढंच. काका तोवर डब्यावर आणि पाव-चहावर होते, चार किलो वजन उतरलं होतं. त्या गटात एकटेपणाचा विषय निघाला नाही, फोडणी करपली यावर बोलणं झालं. मोहरी तडतडायच्या आधीच हळद टाकली की काय होतं हे त्यांना ७३ व्या वर्षी कळलं. हात कामात असले आणि एकमेकांकडे रोखून बघायचं नसलं की पुरुष बोलतात. बायका समोरासमोर बसून बोलतात, पुरुष शेजारी शेजारी काम करताना. याला अपवाद भरपूर आहेत, पण गट आखताना मी हेच धरून चालते.

बाराव्या आठवड्यात त्यांना काम दिलं. ‘काहीतरी करा, मन रमेल’ छापाचं काम देऊन उपयोग नसतो, ते माणसाला लगेच कळतं. ते आले नाहीत तर अडेल असं काम हवं. त्या सोसायटीत टँकर येतात आणि बिलांचा गोंधळ होता. दर बुधवारी टँकरच्या पावत्या वॉचमनच्या वहीशी ताडून पाहायचं काम त्यांच्याकडे आलं. दोन आठवड्यांत त्यांनी न आलेल्या तीन टँकरची बिलं शोधून काढली आणि कमिटीत भांडण लावून दिलं. मला फार आनंद झाला. भांडणारं माणूस एकटं राहत नाही.

मग ते मागे गेले. हे सांगायलाच हवं, कारण इथे कार्यकर्ते हात टेकतात. लग्नाचा वाढदिवस आला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी काकूंचा वाढदिवस. दोन्ही आठवडे दार उघडलं नाही, टँकरची वही तशीच राहिली. ताईंनी दोन्ही गुरुवारी सहाला बेल वाजवली, ‘मी आले होते, पुढच्या गुरुवारी येते’ अशी चिठ्ठी दाराखालून सरकवली आणि खाली जाऊन बाकावर अर्धा तास बसल्या. तिसऱ्या गुरुवारी काका खाली आले. आता आम्ही कुणाकडेही काम सुरू केलं की पहिल्याच महिन्यात त्या घरातल्या तारखा लिहून घेतो: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, ती तारीख, वर्षश्राद्ध, आणि वर्षातला तो सण जो त्या व्यक्तीचा लाडका होता. त्या आठवड्यात भेट चुकवायची नाही, अपेक्षाही ठेवायची नाही.

सहाव्या महिन्यात तीन प्रश्न पुन्हा विचारले. बेरीज ५ आली. शून्य होण्याचा प्रश्नच नाही, त्या मोजपट्टीत सगळ्यात कमी ३ असते आणि काकूंची जागा काही भरत नाही. मोठ्या कार्यक्रमाला ते आजही बसायला येत नाहीत. दारात टेबल टाकून चहाची वर्गणी गोळा करतात. तिथून हॉल दिसतो, नको वाटलं की उठता येतं, आणि पैसे मोजायचं कारण असल्यामुळे कुणी ‘कसे आहात’ विचारून डोळ्यात बघत नाही.

आता तुमच्या काकूंविषयी. त्या दुसऱ्यांदा आल्या त्या मंगळवारी काय कार्यक्रम होता ते आठवून पाहा. संक्रांतीच्या आसपासचा, चैत्रगौरीचा, श्रावणातल्या मंगळागौरीचा? कुणी हळदीकुंकवाचं तबक फिरवलं आणि त्यांच्यापाशी येऊन क्षणभर थांबलं, असं तर झालं नाही? मुद्दाम कुणी करत नाही. पण त्या एका क्षणात बाईला तिची जागा कळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसंच करण्याविषयी परिपत्रक काढलं. पुण्यातल्या सोसायटीला ठराव नको, पण एवढं तर करता येईल: समारंभाला तिळगूळ समारंभ म्हणा, वाण सगळ्यांना द्या, आणि तबक कुणाच्या हातात असेल हे आधीच ठरवा. काकूंनाच ते धरायला सांगता आलं तर उत्तम. मात्र आधी त्यांना एकटीला विचारून. न विचारता पुढे केलं तर तो तमाशा होतो.

यातली चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना मी साठ जणांसमोर ‘एकटेपणावर मात’ या विषयावर दोन शब्द बोलायला उभं केलं. त्या छान बोलल्या, टाळ्या झाल्या. त्यानंतर त्यांनी मला घरात घेतलं नाही. वर्षभराने एकदा दुकानात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘मला तू सगळ्यांसमोर बिचारी केलंस.’

दुसरी मोठी चूक म्हणजे भेटणारं माणूस बदलणं. कॉलेजची मुलं प्रकल्पासाठी सहा आठवडे येतात, जीव लावतात, परीक्षा आली की गायब. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याच्या घरातून आपण आणखी एक माणूस काढून नेतो. निदान सहा महिने येणार असेल त्यालाच पाठवा. एकाने दोनच घरं घ्यावीत, तीन झाली की भेटी उरकल्या जातात. आणि आजारी पडलं तर जाणारं दुसरं माणूस पहिल्या महिन्यातच एकदा सोबत नेऊन दाखवून ठेवा.

पैशाचे नियम कडक ठेवा. भेटणाऱ्याने उसने घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, एटीएमचा पिन ऐकायचा नाही, चावी ठेवायची असेल तर कमिटीच्या वहीत नोंद करून आणि मुलांना कळवून. एकट्या माणसाला फोनवर गोड बोलून किंवा पोलीस असल्याचं भासवून लुबाडणारे भरपूर आहेत. ते दिवसातून चार वेळा फोन करतात आणि हेही एक कारण आहे की माणसं त्यांना बळी पडतात: निदान कुणीतरी चौकशी करतंय. नियमित येणारं विश्वासाचं माणूस असलं की ‘असा एक फोन आला होता’ हे वेळेत सांगितलं जातं.

एकटी माणसं शोधायची कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ९० फ्लॅटमध्ये दोघंच नसणार. वयाची यादी करू नका. गेल्या दोन वर्षांत काय बदललं याची करा: जोडीदार गेला, नोकरी संपली, मूल परगावी गेलं, पडून फ्रॅक्चर झालं, स्कूटर विकली. स्कूटर विकणं पुण्यात फार मोठी गोष्ट आहे, त्या दिवशी माणसाचं शहर एकदम दोन गल्ल्यांचं होतं. माहिती घरकामाच्या मावशी, वॉचमन आणि औषधाच्या दुकानदाराकडे असते. दारात तीन-तीन दिवसांचे पेपर कुणाचे पडलेले असतात हे वॉचमन सांगेल. यादी दोन जणांकडेच राहू द्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती गेली की काम संपलं.

हे सगळं कुठे पुरत नाही, तेही सांगते. वजन उतरत चाललंय, अंघोळ-दाढी सुटली, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, आवडीच्या गोष्टीतलीही गोडी गेली, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिसलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. आधी फॅमिली डॉक्टरकडे न्या, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा. शाकाहारी आणि त्यातही धड न जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत बी-१२ ची कमतरता खूप दिसते, आणि तिच्यामुळे विसराळूपणा आणि उदासी दोन्ही येतात. जोडीदार जाऊन सहा महिने उलटले तरी दुःखाची धार तसूभरही कमी झाली नसेल आणि रोजचं जगणंच थांबलं असेल, तर तीही आता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत उपचार करण्यासारखी स्थिती धरली जाते. माणूस वस्तू वाटून टाकायला लागलं, ‘आता माझं काय उरलंय’ असं वारंवार म्हणायला लागलं, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कल्पना सुचते, हा गैरसमज आहे. उत्तर हो असेल तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, मुलांना कळवा, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा नंबर दिवसरात्र चालतो, तिथे मराठीत बोलता येतं. छळ, पोटगी, पेन्शन अशा बाबींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

मुलांशीही एकदा बोला. बहुतेक मुलं रोज फोन करतात आणि ‘जेवलात का, गोळी घेतलीत का’ विचारतात. त्याचं उत्तर ‘हो’ असतं आणि फोन संपतो. एरंडवण्याच्या काकांच्या मुलीला आम्ही सांगितलं, तू त्यांना काहीतरी विचार जे तुला खरंच माहीत नाही. तिने घराच्या कर्जाचे कागद पाठवायला सुरुवात केली. आता ते तिच्या बँकेला शिव्या देतात, फोन चाळीस मिनिटं चालतो.

तुम्ही सुरुवात सात जणांची समिती नेमून करू नका. तुमच्या बी विंगमध्ये काकांना आधीपासून ओळखणारं एक माणूस शोधा, शक्यतो त्यांच्याच वयाचं. काकांचं आधीचं काम काय होतं ते विचारून घ्या आणि त्यातलं एक खरं अडलेलं काम घेऊन त्याला पाठवा. काकूंकडे मात्र तुम्ही स्वतः जा, मंगळवार सोडून. आमंत्रण द्यायचं नाही. दोन वेळा त्या आल्या होत्या, त्या दिवशी काय झालं हे विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. पहिल्या भेटीत बहुधा येणार नाही.